धुतलेल्या टॉवेलचा वास आणि मशीनच्या दारातलं रबर

आयर्लंडमध्ये नवीन आलेल्या मराठी माणसाला पहिल्या हिवाळ्यात हा अनुभव हमखास येतो. हॉट प्रेसमधून, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीशेजारच्या कपाटातून, घडी घातलेला, कोरडा टॉवेल काढावा. नाकाला लावून पाहावा तर काही नाही, उलट पावडरचा मंद सुगंध. आंघोळ करून त्याच टॉवेलनं तोंड पुसलं की मात्र पोतेऱ्याचा वास. दोष आपण हवेला देतो, कारण इथे पाऊस कायमचाच आणि ऊन नावापुरतं. हवेचा वाटा आहेच. पण सुरुवात बहुतेक वेळा स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली असते. पुढून दार असलेल्या मशीनचं ते जाड राखाडी रबर बोटांनी उलटून बघा. आत बुळबुळीत काळपट थर दिसला, तर हा लेख तुमच्यासाठी आहे.

आधी वासाबद्दल. कोरडा टॉवेल वास देत नाही आणि ओला देतो, यातच उत्तराचं अर्धं बीज आहे. २०१२ साली जपानमधल्या संशोधकांनी घरोघरचे वास मारणारे धुतलेले कपडे तपासले. ओल्या पोतेऱ्यासारखा तो विशिष्ट दर्प मुख्यतः ४-मिथाइल-३-हेक्झेनोइक आम्ल या एका पदार्थाचा आहे असं त्यांना आढळलं. अगदी थोड्या प्रमाणातही नाकाला तो कळतो. तो तयार करणारा जीवाणू म्हणजे मोरॅक्सेला ऑस्लोएन्सिस. हा काही भयानक रोगजंतू नव्हे. माणसाच्या अंगावर आणि घरात तो सहज सापडतो. त्याचे दोन गुण मात्र आपल्याला त्रास देतात. तो कोरडेपणा सहन करतो आणि अतिनील किरणांनाही बऱ्यापैकी दाद देत नाही. टॉवेल वाळला म्हणजे तो मेला असं नाही, तो फक्त थांबतो. अंगावरचा घाम, तेल आणि कातडीचे कण हे त्याचं अन्न धाग्यांत शिल्लक असतंच. पाणी मिळालं की काम पुन्हा सुरू.

आता प्रश्न असा की धुवूनही तो जातो कसा नाही? त्यासाठी मशीनच्या आत डोकवायला हवं.

भारतात आपल्या घरी असलेल्या वरून उघडणाऱ्या मशीनमध्ये पाणी भरपूर असतं, झाकण बहुधा उघडंच राहतं आणि टब वरून दिसतो. पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये दिसतो तो भोकाभोकांचा स्टीलचा ड्रम. त्याच्या बाहेर प्लास्टिकचा एक दुसरा टब असतो, तो आपल्याला कधीच दिसत नाही. पाणी साठतं ते या बाहेरच्या टबमध्ये. पाणी कमी वापरणं हेच या मशीनचं वैशिष्ट्य असल्यामुळे टबचा वरचा भाग नुसत्या फवाऱ्यानं ओला होतो, नीट धुतला जात नाही. कपड्यांतून निघालेलं तेल, मळ, न विरघळलेला साबण, फॅब्रिक सॉफ्टनरमधला मेणासारखा भाग, हे सगळं त्या भिंतींवर आणि ड्रमच्या मागच्या तीन हातांच्या अ‍ॅल्युमिनियमच्या आधारावर चिकटत जातं. तळाशी, पंपाच्या आधी, थोडं पाणी नेहमीच उरतं. आणि पुढे, ड्रम हलला तरी दारातून पाणी गळू नये म्हणून, घड्या असलेलं रबराचं गॅस्केट. त्याच्या सगळ्यात खालच्या घडीत पाणी साठू नये म्हणून छोटी भोकं ठेवलेली असतात. केस, लोकरीचा लोंढा आणि एखादं नाणं यांनी ती बुजली की तिथे कायमचं डबकं तयार होतं.

अशा ओल्या, तेलकट जागी जीवाणू एकेकटे राहत नाहीत. ते स्वतःभोवती चिकट गर तयार करतात आणि त्यात दाटीवाटीनं राहतात. यालाच बायोफिल्म म्हणतात. दात घासायच्या आधी जिभेला जो बुळबुळीत थर जाणवतो तो याच जातीचा. हा गर औषधांना आणि पावडरला आतपर्यंत पोचू देत नाही. शिवाय दर धुण्याला त्याचे तुकडे सुटून कपड्यांवर बसतात. म्हणजे आपण टॉवेल मळातून काढतो आणि जीवाणूंच्या पातळ सुपात खळबळून घेतो. बुरशीलाही हीच जागा आवडते. २०१५ साली स्लोव्हेनियातल्या संशोधकांनी घरगुती मशीनच्या रबरातून आणि पावडर टाकायच्या खणातून नमुने घेतले, तेव्हा बहुतेक मशीनमध्ये बुरशी सापडली. रबरावरचे काळे ठिपके बहुधा बुरशीचे असतात आणि पोतेऱ्याचा दर्प बहुधा जीवाणूंचा. दोघांचं घर एकच.

या सगळ्याला आयर्लंडमधल्या आपल्या सवयी चांगला हातभार लावतात. वीज महाग म्हणून सगळं ३० अंशांवर. सोपं म्हणून द्रव साबण किंवा पॉड. रात्रीचा दर स्वस्त म्हणून रात्री अकरानंतर मशीन लावायचं आणि ओले कपडे सकाळी सातला काढायचे. (अग्निशमन दलाचे लोक झोपेत मशीन चालू ठेवू नका असं सांगतात, ते वेगळंच.) मूल लहान म्हणून दार घट्ट बंद. यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी समजण्यासारखी आहे, पण चारही एकत्र आल्या की बायोफिल्मला हवं ते सगळं मिळतं. 'इको ४०-६०' या कार्यक्रमाच्या नावावरही जाऊ नका. मार्च २०२१ पासून युरोपीय संघात विकल्या जाणाऱ्या मशीनवर तो असतो. ४० किंवा ६० अंशांवर धुण्याजोगे सुती कपडे कमी विजेत स्वच्छ करणं हे त्याचं काम. त्यासाठी तो जास्त वेळ घेतो आणि पाणी नावातल्या आकड्याइतकं गरम करेलच असं नाही.

द्रव साबणाबद्दल थोडं अधिक. पांढऱ्या कपड्यांच्या पावडरमध्ये सोडियम परकार्बोनेट असतं. पाण्यात पडलं की त्याचे दोन भाग होतात, धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड. पेरॉक्साइड जंतू मारतं आणि त्यांचा चिकट गरही मोडतं. पण द्रव साबणात ते बाटलीत टिकत नाही, त्यामुळे द्रव साबण आणि बहुतेक पॉडमध्ये ऑक्सिजन ब्लीच नसतं. 'कलर' म्हणून मिळणाऱ्या पावडरमध्येही ते मुद्दाम वगळलेलं असतं. पुढच्या वेळी टेस्को किंवा डन्समध्ये उभे असाल तेव्हा डब्याच्या मागची बारीक अक्षरं वाचा. युरोपीय नियमांप्रमाणे 'ऑक्सिजन-बेस्ड ब्लीचिंग एजंट्स' असं, पुढे टक्क्यांच्या पट्ट्यासह, लिहिणं बंधनकारक आहे. ते शब्द नसतील तर ती वस्तू मळ काढेल, पण मशीनमधल्या वस्तीला हात लावणार नाही.

आता प्रत्यक्ष काम. एक उदाहरण घेऊ. लिमरिकजवळ भाड्याच्या घरात राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीकडे ७ किलोचं मशीन आहे, पाच वर्षं जुनं. गेल्या नोव्हेंबरात तिचा फोन आला. टॉवेल तीनदा धुतले, सॉफ्टनर दुप्पट घातला, वास तसाच. त्यात घर सोडायचं होतं आणि घरमालकानं रबरावरचे काळे डाग बघून अनामत रक्कम कापायची भाषा केली होती. सॉफ्टनर दुप्पट करणं ही चूक कळण्याजोगी आहे, पण ती वासाला खायला घालण्यासारखी आहे.

तिला मी आधी एक प्रयोग करायला सांगितला. साफसफाईच्या आधी तो तुम्हीही करा, म्हणजे नेमका दोष कुठे आहे ते कळेल. दुकानातून आणलेलं नवं सुती फडकं घ्या, आधी पातेल्यात दहा मिनिटं उकळा आणि तीन तुकडे करा. पहिला तुकडा नुसत्या नळाच्या पाण्यात भिजवून पिळा. दुसरा मशीनमध्ये एकटा टाकून पावडरशिवाय ३० अंशांवर छोट्या कार्यक्रमात फिरवा. तिसरा कोरडा तुकडा वास मारणाऱ्या, पण वाळलेल्या टॉवेलमध्ये गुंडाळून नीट घासा आणि मग नळाच्या पाण्यात भिजवून पिळा. तिन्ही वेगवेगळ्या बरण्यांत झाकण लावून रेडिएटरपासून थोड्या अंतरावर, उबदार जागी २४ तास ठेवा. बरणीच्या बुडाला खुणा करा आणि कोणती बरणी कोणती हे माहीत नसलेल्या घरच्या माणसाला हुंगायला द्या. आपलं नाक आपल्याला हवं तेच सांगतं. दुसऱ्या बरणीला वास आला आणि पहिलीला नाही, तर मशीन दोषी. फक्त तिसरीला आला, तर मशीन बरं आहे, टॉवेलच उकळायला हवेत. पहिलीलाच वास आला, तर बरणी नीट धुतलेली नव्हती. दोन-तीन दिवस ठेवलं तर कुठल्याही ओल्या फडक्याला वास येतोच, म्हणून २४ तासांच्या पुढे जाऊ नका. मैत्रिणीकडे दुसरी आणि तिसरी, दोन्ही बरण्या बोलल्या.

एक पर्याय मात्र प्रयोगाच्या आधी वगळा. बंद मशीनचं दार उघडल्याबरोबर कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तो सांडपाण्याच्या नळीतून येत असेल. मशीनची नळी सिंकखालच्या नळाला जोडताना वर वळवून घ्यायची असते. ती खाली लोंबत असेल किंवा उभ्या पाइपाच्या खाली पाणी अडवणारा वाकडा भाग कोरडा पडला असेल, तर गटाराची हवा थेट ड्रममध्ये येते. त्यावर कितीही ब्लीच ओता, उपयोग नाही. नळी ओट्याच्या पातळीला बांधून टाका. आणि जळक्या रबराचा वास असेल, तर मशीन बंद करून मेकॅनिकला बोलवा, तो या लेखाचा विषय नाही.

शनिवारी सकाळी कामाला लागलो. क्रम महत्त्वाचा आहे, म्हणून सांगतो तसंच करा. आधी भिंतीवरचा स्विच बंद. पहिलं काम पंपाची जाळी. मशीनच्या पुढच्या बाजूला, खाली उजवीकडे बहुधा एक लहान दार असतं. आधीच्या गरम धुण्यानंतर तासभर जाऊ द्या, नाहीतर पाणी हाताला चटका देईल. उथळ ताटली खाली ठेवा, जुना टॉवेल पसरा आणि बारीक नळी असेल तर तिनं पाणी सोडा. मग गोल बूच हळूहळू डावीकडे फिरवा. पाणी किती निघेल याचा अंदाज नेहमी चुकतो, दोन-तीन ताटल्या तरी भरतात. मैत्रिणीच्या जाळीत दोन नाणी, एक केसांची पिन आणि काळा, मऊ, चिखलासारखा गोळा निघाला. वासाचा एक मोठा स्रोत तिथेच होता. जाळी घासून, खाचेतलं आत बोट घालून पुसून, बूच घट्ट बसवा. घट्ट नसेल तर पुढच्या कार्यक्रमात स्वयंपाकघरभर पाणी.

दुसरं काम रबर. हातमोजे घाला. गॅस्केटची बाहेरची कड स्वतःकडे ओढा, म्हणजे आतली घडी उघडते. बॅटरीच्या उजेडात सगळं वर्तुळ बघा, पण खालचा भाग, घड्याळातल्या सहाच्या जागेचा, सर्वांत जास्त वेळ द्यायचा. गरम पाण्यात भांड्यांचा साबण घालून त्यात मऊ फडकं बुडवा आणि आधी गाळ नुसता पुसून काढा. फडकं दर वेळी खळबळा, नाहीतर आपण गाळ एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेत राहतो. घडीतली भोकं शोधून जुन्या टूथब्रशनं मोकळी करा. काडी, सुई, चाकू काही नको, रबर फाटलं तर बदलावंच लागेल. ड्रम हातानं फिरवत रबर आणि ड्रम यांच्या मधल्या फटीतलंही पुसा. दाराची काच आतून पुसायला विसरू नका, रबर तिच्यावर टेकतं तिथे तेलाचं कडं असतं. या घासण्याला दुसरा पर्याय नाही. बायोफिल्मच्या वर काही ओतून भागत नाही, गर आधी हातानं काढावा लागतो. मैत्रिणीला यालाच पाऊण तास लागला.

पावडर टाकायचा खण लवकर आटोपतो. बहुतेक मशीनमध्ये मधली कळ दाबून तो पूर्ण बाहेर निघतो. तो सिंकमध्ये गरम पाण्यात भिजवा. सॉफ्टनरच्या कप्प्यातला वक्रनळीचा भाग काढून घासा. खण निघाल्यावर दिसणाऱ्या पोकळीच्या छताला काळ्या बुरशीचे ठिपके असतात, तिथे टूथब्रश उलटा धरून घासावं लागतं. तिथून थेंब थेंब पाणी टबात पडत असतं, म्हणून ते वगळू नका.

आता टब, जो हाताला येत नाही. तिथे रसायन आणि उष्णता यांना पाठवायचं. लिमरिकची किटली बघितली तर आत पांढरा थर होता. आयर्लंडच्या मध्यभागाचा मोठा हिस्सा चुनखडीवर आहे, त्यामुळे अनेक ठिकाणी पाणी कठीण असतं. विकलोच्या ग्रॅनाइटवरून येणारं पाणी मात्र मऊ. डब्लिनमध्ये कुणाला कसलं पाणी येतं ते पुरवठा कुठून आहे त्यावर ठरतं. किटलीत थर नसेल तर ही पायरी सोडून द्या. थर असेल तर कॅल्शियमचा साबण आणि चुन्याचा थर जीवाणूंना आसरा देतात, म्हणून आधी तो काढायचा. रिकाम्या ड्रममध्ये १०० ग्रॅम सायट्रिक आम्ल, म्हणजे आपलं लिंबूसत्त्व, आणि ६० अंशांचा सुती कपड्यांचा कार्यक्रम. ६०च्या पुढे नको. कॅल्शियम सायट्रेटचं पाण्यात विरघळणं तापमान वाढलं की कमी होतं आणि काढलेला चुना पुन्हा गाळ होऊन बसण्याची शक्यता असते. नंतर एक नुसता खळबळण्याचा कार्यक्रम चालवा, म्हणजे आम्ल निघून जाईल.

मग मुख्य फेरी. रिकाम्या ड्रममध्ये १५० ग्रॅम सोडियम परकार्बोनेट टाका (सुपरमार्केटमध्ये डाग काढणाऱ्या ऑक्सिजन पावडर मिळतात, त्यांतली सुगंधाशिवायची बघा आणि परकार्बोनेटचं प्रमाण किती आहे ते वाचा) आणि ९० अंशांचा सुती कार्यक्रम लावा. शंभर ग्रॅम शुद्ध परकार्बोनेटमधून सुमारे ३२ ग्रॅम हायड्रोजन पेरॉक्साइड निघतं, म्हणजे मात्रा भरपूर आहे. मशीनला 'ड्रम क्लीन' असा स्वतंत्र कार्यक्रम असेल तर तोच लावा. कार्यक्रम गरम झाल्यावर, म्हणजे साधारण तासाभरानं, थांबवून दोन तास तसंच भिजत ठेवता आलं तर उत्तम. मशीन थांबवल्यावर दार उघडायचा हट्ट करू नका, आत पाणी असताना ते उघडत नाही आणि त्याचं कारण चांगलं आहे. मैत्रिणीच्या मशीनमधून पहिल्या फेरीत काचेवर करडे तुकडे तरंगताना दिसले. ते पाहून घाबरू नका, टबच्या भिंतीवरचंच ते उतरतंय. तुकडे संपेपर्यंत ही फेरी पुन्हा करायची. तिला दोन लागल्या. शेवटी पंपाची जाळी पुन्हा उघडून बघा, सुटलेला गाळ तिथेच अडकतो.

रबरावर अजूनही काळे डाग असतील. ते डाग म्हणजे जिवंत बुरशी नसून रंग असू शकतो, आणि रंग रबराच्या आत गेला असेल तर तो पूर्ण निघत नाही. ज्यांना तरी प्रयत्न करायचा आहे त्यांनी तो दुसऱ्या दिवशी, मशीन थंड असताना करावा. घरगुती पातळ ब्लीच एक भाग आणि थंड पाणी नऊ भाग. हातमोजे, उघडी खिडकी. कापसाच्या पट्ट्या किंवा किचन रोल त्यात बुडवून घडीवर बसवा, ३० मिनिटं ठेवा, काढा, पुसा आणि एक खळबळण्याचा कार्यक्रम चालवा. हे कधीतरी ठीक आहे. दर आठवड्याला क्लोरीन ब्लीच ओतणं वाईट. रबर कडक होतं आणि ड्रममागचा अ‍ॅल्युमिनियमचा आधार गंजतो, तो तुटला की बहुधा मशीनच बदलावं लागतं.

इथे एक धोक्याची गोष्ट. मी येण्याआधी मैत्रिणीनं इंटरनेटवर वाचून रबरावर ब्लीच ओतलं होतं आणि वरून पांढरं व्हिनेगर. तिचा घसा दोन मिनिटांत इतका चुरचुरला की ती अंगणात जाऊन उभी राहिली. ब्लीच आणि कुठलंही आम्ल, मग ते व्हिनेगर असो वा लिंबूसत्त्व, एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. छोट्या, बंद स्वयंपाकघरात तो फुप्फुसांना इजा करू शकतो. असं कधी झालं तर बाहेर पडा, खिडक्या उघडा, बराच वेळ आत जाऊ नका, आणि श्वास अडकल्यासारखं वाटलं तर ९९९ किंवा ११२ला फोन करा. म्हणून आम्लाची फेरी आणि ब्लीच वेगळ्या दिवशी आणि मध्ये भरपूर पाणी. परकार्बोनेट आणि क्लोरीन ब्लीच हेही एकत्र करायचं नाही.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतायचा सल्लाही तिला मिळाला होता. तो निरुपद्रवी आहे आणि निरुपयोगीही. दोघे मिळून फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा, आणि मागे उरतं ते जवळजवळ निष्प्रभ सोडियम अ‍ॅसिटेटचं पाणी. आम्लाचं काम आम्लानं आणि सोड्याचं काम सोड्यानं, वेगवेगळं करावं. दोघांना भांडायला लावलं की दोघेही थकतात.

टॉवेलकडे परत येऊ, कारण मशीन स्वच्छ करून जुने टॉवेल तसेच टाकले तर आठवड्याभरात पुन्हा तेच. सुती टॉवेल बादलीत ६० अंशांच्या आसपासच्या पाण्यात (किटलीतलं उकळतं पाणी आणि नळाचं पाणी मिसळून), पाच लिटरला २ मोठे चमचे परकार्बोनेट घालून, चार तास भिजवा. त्यानंतर मशीनमध्ये पांढऱ्या कपड्यांच्या पावडरबरोबर ६० अंशांवर धुवा आणि सॉफ्टनर अजिबात घालू नका. टॉवेल थोडे खरखरीत लागतील, पण पाणी जास्त शोषतील. रंगीत टॉवेलचा कोपरा आधी भिजवून बघा, कारण रंग उतरू शकतो. लोकर आणि रेशीम यांच्यावर परकार्बोनेट वापरायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

मैत्रिणीनं रविवारी पुन्हा तीन बरण्या ठेवल्या. सोमवारी तिच्या नवऱ्यानं, कोणती कुठली ते न सांगता, तिन्ही हुंगल्या आणि सांगितलं, एकाही बरणीला वास नाही. रबरावर मात्र दोन बोटांएवढे काळे डाग राहिले.

अनामत रकमेबद्दल सांगायचं तर, आयर्लंडमध्ये २०१९च्या भाड्याच्या घरांच्या नियमांनुसार कपडे धुण्याचं मशीन उपलब्ध करून देणं ही घरमालकाची जबाबदारी आहे, आणि ते चालू ठेवणंही. गॅस्केट ही बदलण्याजोगी वस्तू आहे. २०२१ पासून बाजारात आलेल्या मशीनसाठी दाराचं रबर सुट्या भागांत मिळायला हवं, आणि ते सामान्य ग्राहकालाही विकत घेता यायला हवं, असं युरोपीय नियम सांगतो. जुन्या मशीनसाठीही बहुधा मिळतं, मॉडेलचा क्रमांक दाराच्या आत किंवा मागच्या पट्टीवर असतो. रबराला चीर पडली असेल, घडीत बोट घातल्यावर चिकट, मऊ तुकडे सुटत असतील किंवा खाली पाण्याचा थेंब दिसत असेल, तर साफसफाईला वेळ न घालवता ते बदलून घ्या. मैत्रिणीनं साफ केल्याचे आधीचे आणि नंतरचे फोटो तारखेसह घरमालकाला पाठवले आणि डाग रबराच्या आतले आहेत हे लिहून कळवलं. वाद रेसिडेन्शिअल टेनन्सीज बोर्डापर्यंत न्यायची वेळ आली नाही.

यापुढे काय करायचं ते थोडक्यात सांगतो. कार्यक्रम संपला की कपडे लगेच काढा. रात्रीच्या स्वस्त दराचा मोह असेल, तर उशिरा सुरू होण्याची वेळ अशी लावा की मशीन तुम्ही उठता उठता थांबेल. नंतर गॅस्केटची खालची घडी कोरड्या फडक्यानं पुसा. हे वीस सेकंदांचं काम. दार चार बोटं आणि खण दोन बोटं उघडा ठेवा. घरात लहान मूल असेल तर दाराला बाहेरून पट्टीचं कुलूप मिळतं, त्यानं दार थोडं उघडं राहतं पण मूल आत जाऊ शकत नाही. महिन्यातून एकदा टॉवेल आणि चादरी ६० अंशांवर, ब्लीच असलेल्या पावडरनं. बाकीचं ३० अंशांवर धुवायला हरकत नाही. पंपाची जाळी तीन महिन्यांनी.

आणि वाळवणं. घरात रॅकवर टाकलेल्या टॉवेलमध्ये हवा खेळायला हवी, म्हणून रॅकवर एकाआड एक दांडी रिकामी सोडा आणि जमल्यास डीह्युमिडिफायर त्याच खोलीत, दार बंद करून लावा. टॉवेल पूर्ण कोरडा होईपर्यंत हॉट प्रेसमध्ये ठेवू नका. कडा कोरड्या आणि मधली शिवण ओली, अशी त्याची नेहमीची फसवणूक असते. घडी घालण्याआधी शिवणीवर गाल लावून पाहा, गार लागली तर तो अजून वाळलेला नाही.